एका फोटोवरून बारसं करू नका

पोस्ट लांबणार आहे, आणि काहींना झोंबणारही आहे. आधीच सांगून ठेवते.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक फोटो आला. पांढऱ्या चादरीवर ठेवलेली जुनी काळी पडलेली चपलांची जोडी, वरून काढलेला फोटो, ट्यूबलाइटचा उजेड. खाली एवढंच लिहिलं होतं, "पणजोबांची वहाण माळ्यावर सापडली. हिला काय म्हणतात, कोणी सांगेल का?" काचीगुड्यातल्या आपल्या एका ओळखीच्या घरातला फोटो. मुलगा गुणी आहे, विचारलं ते बरोबर विचारलं. घोटाळा उत्तरांनी केला.

अर्ध्या तासात चाळीसेक जणांनी "कोल्हापुरी!" म्हणून टाकलं. पुढे हार्ट, हात जोडलेले, "काय ती शान", "आता अशी मिळत नाही". एकाने "कापशी" म्हटलं. एकाने "ही तर पायताण, कोल्हापुरीचा खास प्रकार" असं ठणकावलं. बेळगावचं माहेर असलेल्या एक ताई म्हणाल्या, "अथणीची आहे, कोल्हापूरवाले उगाच नाव घेतात." आणि आपल्यात लग्न होऊन आलेली एक तेलुगू सून, मेदकची, तिने लिहिलं, "आमच्याकडे ह्याला किर्रु चेप्पुलु म्हणतात." तिच्यावर हसण्याचे इमोजी पडले. संध्याकाळपर्यंत ठराव झालासुद्धा, की ही जोडी मंडळाच्या प्रदर्शनात ठेवायची आणि खाली पाटी लावायची, "कोल्हापुरी चप्पल, अंदाजे १९३०".

मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. कारण मला ती जोडी हातात घेऊन बघायची होती. आणि दुसरं कारण, मला राग आला होता. रागात लिहिलं की माणूस शुद्धलेखन विसरतं.

माझ्या वडिलांचे वडील उदगीरकडच्या एका खेड्यात चांभारकी करायचे. माझे वडील हैदराबादला येऊन सरकारी नोकरीत चिकटले, पण रापी आणि आरी त्यांनी ट्रंकेत आणली होती. आमच्या घरात कोणाचीही चप्पल तुटली की ते रविवारी सकाळी ओट्यावर बसायचे आणि मला समोर बसवून शिकवायचे. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून दार लोटून घ्यायचे, हेही लिहून ठेवते. म्हणजे मी काही चपलांची पंडित नाही, पण उलटी करून बघायची कुठे हे मला कळतं.

आता मुद्दा. वरून काढलेल्या एका फोटोत नेमकं काय दिसतं? अंगठा अडकवायची गोल कडी, म्हणजे ज्याला आपण नुसतं अंगठा म्हणतो. पायावरून आडवा जाणारा पट्टा. अंगठ्यापासून पट्ट्यापर्यंत येणारी मधली पट्टी. दोन्ही बाजूंना पट्टा जिथे तळाला मिळतो तिथले दोन तुकडे, म्हणजे कान. आणि रंग. बस्स. एवढ्यावरून इतकंच म्हणता येतं, की ही अंगठ्याची, आडव्या पट्ट्याची, उघडी चामडी चप्पल आहे. अशी चप्पल कोल्हापुरात होत होती, अथणीत होत होती, सोलापूर-विजापूरकडे होत होती, मराठवाड्यात होत होती आणि तेलंगणाच्या खेड्यांतही होत होती. उन्हात, काट्यात, चिखलात चालणाऱ्या माणसाच्या पायाला जे लागतं ते सगळीकडे साधारण सारखंच असतं. फोटोने जे सांगितलं ते "उघडी चप्पल" एवढंच होतं. "कोल्हापुरी" हे आपण सांगितलं.

आणि फोटोत काय दिसत नाही? तळ दिसत नाही. जाडी दिसत नाही. शिवण कशाची आहे, चामड्याच्या वादीची का दोऱ्याची, ते धड दिसत नाही. पट्टा तळात शिरतो कसा, ते दिसत नाही. कातड्याची कापलेली कड दिसत नाही. आणि आवाज येत नाही. हे शेवटचं तुम्हाला गमतीचं वाटेल, पण त्या तेलुगू सुनेला हसणाऱ्यांनी जरा ऐकावं. "किर्रु" हे आवाजाचं नाव आहे. चालताना किर्र किर्र वाजणारी ती किर्रु चेप्पुलु. करकर वाजणाऱ्या चपलेची ऐट आपल्याकडेही होतीच की. थरांमध्ये मुद्दाम काहीबाही घालून ती करकर आणायचे, आणि पाटील येतोय हे गल्लीच्या टोकाला कळायचं. तिने चपलेला तिच्या आवाजावरून ओळखलं होतं. ज्या जोडीचा आवाज कोणीच ऐकला नाही, तिच्याबद्दल तिचं उत्तर चूक आणि तुमचं बरोबर, हे कशावरून?

"पायताण" म्हणणाऱ्या दादांना एक प्रेमाने सांगते. पायताण किंवा पायतण हा कुठल्या खास चपलेचा प्रकार नाही. पायात घालायच्या वस्तूला तिकडच्या बोलीत म्हणतात तो शब्द आहे, जसं आपल्या आज्या "वहाणा" म्हणायच्या. इंटरनेटवर कोणीतरी कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकारी अशी नावं एका ओळीत लिहिली आणि म्हटलं की ही गावांची नावं आहेत. तेव्हापासून जो तो तीच ओळ चिकटवतोय. कापशी हे कागल तालुक्यातलं गाव आहे, ते खरं. पण पायताण नावाचं गाव शोधायला निघालात तर अनवाणी परत याल.

असो. मी गेले काचीगुड्याला. वहिनींनी चहा केला, पोह्यांवर शेव घातली, आणि जोडी आणून ठेवली. पहिलाच धक्का म्हणजे त्यांनी तिला दोन दिवसांपूर्वी खोबरेल चोळलं होतं, "कोरडी पडली होती हो, म्हणून". तेल प्यायलेलं कातडं काळं पडतं. म्हणजे फोटोतला जो काळा रंग बघून आपण "जुनी अस्सल काळी कोल्हापुरी" म्हणत होतो, तो रंग खोबरेलाचा होता. पट्ट्याच्या खालच्या अंगाला, जिथे तेल पोचलं नव्हतं, तिथे कातडं तांबूस तपकिरी होतं. मी वहिनींना काही बोलले नाही. पण तुमच्याकडे असं काही निघालं तर कृपा करून आधी फोटो काढा, मग काय चोळायचं ते चोळा. खरं तर चोळूच नका, कोरड्या फडक्याने धूळ पुसा आणि सोडून द्या.

मग मी ती उलटी केली. डाव्या चपलेच्या टाचेखाली टायरचा तुकडा निघाला. मोटारीच्या टायरचा, नक्षी अजून दिसते. लोखंडी चुकांनी ठोकलेला, चुका गंजलेल्या. उजव्या चपलेच्या टाचेला मात्र मूळचं जाड कातडं, म्हशीचं, आणि त्याला लोखंडी नाल. एका जोडीत दोन काळ बसलेत. डाव्या पायाची टाच जास्त झिजली, तिथली नाल गेली, कातडं गेलं, तेव्हा कोणीतरी टायर ठोकून दिला. हे काम शहरातलं असणार, टायरचे तुकडे मिळतात त्या ठिकाणचं. आता सांगा, "अंदाजे १९३०" हे कुठल्या टाचेचं साल?

आता शिवण. तळाचे थर जिथे मूळचे आहेत तिथे ते चामड्याच्या वादीने शिवलेत. वादी म्हणजे कातड्याचीच बारीक चिरलेली दोरी, आरीने भोक पाडून ओवलेली. लोक इथे उडी मारतात, "बघा, वादीची शिवण, खिळा नाही, म्हणजे कोल्हापुरी!" कोल्हापुरीची शिवण वादीची असते हे खरं. पण वादीची शिवण असलेली प्रत्येक चप्पल कोल्हापुरी, हे खरं नाही. माझ्या आजोबांकडे दुसरं होतं काय शिवायला? कातडं घरात होतं, दोरा बाजारातून विकत आणावा लागे. मधल्या पट्टीचा एक सांधा मेणाच्या दोऱ्याने शिवलेला निघाला, तो नंतरच्या दुरुस्तीतला.

खरी गोम कानांची होती. कोल्हापुरीत कान हा वेगळा तुकडा असतो. तो तळाच्या थरांमध्ये दाबून शिवतात, त्याचा पाळीसारखा भाग दोन्ही बाजूंना वर येतो आणि पायावरचा पट्टा त्या कानांना जोडतात. आपल्या फोटोत पट्ट्याच्या दोन्ही टोकांना असे पाळीसारखे तुकडे स्पष्ट दिसत होते. मीसुद्धा फोटो बघून मनात म्हटलं होतं, कान तर आहेत बाई. हातात घेऊन नख घातलं तेव्हा कळलं की ते कान नव्हेतच. ती ठिगळं आहेत. मूळ पट्टा वरच्या थराला पाडलेल्या चिरेतून थेट आत गेलाय आणि दोन थरांमध्ये शिवलाय. त्या चिरेपाशी पट्टा तुटायला आला तेव्हा कोणीतरी बाहेरून दोन तुकडे लावून तो सांभाळला. ठिगळाचं कातडं पातळ आहे, शिवण दोऱ्याची आहे, आणि डाव्या बाजूचं ठिगळ उजव्यापेक्षा बोटभर लहान आहे. वरून फोटो काढला की ठिगळ आणि कान सारखेच दिसतात. ज्या खुणेवर चाळीस जणांचं एकमत झालं, ती खूण म्हणजे दुरुस्ती होती.

एका ठिकाणी पट्टा उसवून फाटलाय. तिथली कड मी खिडकीपाशी नेऊन पाहिली. आरपार तपकिरी. झाडपाल्यावर कमावलेलं कातडं असंच असतं, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरलेलं. क्रोमवर कमावलेलं असतं तर मधे निळसर-राखाडी रेघ दिसली असती. हे कमावण्याचं काम ढोर समाजाची माणसं करायची. कातड्याचीच पिशवी शिवून, टांगून, त्यात साल-हिरड्याचं पाणी भरून ठेवायचे, ते झिरपलं की पुन्हा भरायचे. कोल्हापूरकडे हेच, आमच्याकडेही हेच. त्यामुळे या कडेवरून जोडी जुन्या पद्धतीच्या कातड्याची आहे एवढं कळतं. गाव कळत नाही.

आता मला जी खूण सगळ्यांत बोलकी वाटली ती सांगते. मी डावी चप्पल उजवीवर पालथी ठेवली. डावी उजवीपेक्षा अर्ध्या बोटाने लांब भरली, आणि पुढे करंगळीच्या बाजूला जरा फाकलेली. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "हो, मामंजी सांगायचे, आजोबांच्या डाव्या पायावरून लहानपणी बैलगाडीचं चाक गेलं होतं." म्हणजे ही चप्पल दुकानात टांगलेल्या जोड्यांतून उचललेली नाही. बाजारासाठी करायच्या जोड्या ठरलेल्या मापांच्या साच्यावर कापतात, डावी-उजवी सारखी. ही करणाऱ्याने पणजोबांचे दोन्ही पाय कातड्यावर ठेवून, भोवती रेघ ओढून, दोन वेगळे तळ कापलेत. त्याने तो फाकलेला पाय हातात धरलाय. पणजोबांना तो नावाने ओळखत असणार आणि पणजोबा त्याला.

मग विचार करा, हा माणूस कुठला? कुटुंब उदगीर भागातलं. उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. कोल्हापूर हे वेगळंच संस्थान, तीनशे किलोमीटरहून जास्त लांब, मधे इंग्रजांचा मुलूख. निजामाच्या हद्दीत बाहेरचा माल आणायचा तर करोडगिरीचा नाका ओलांडायचा आणि जकात भरायची. आपल्या वाडवडिलांच्या तोंडी करोडगिरी हा शब्द शिवीसारखा यायचा, आठवतं ना? अशा परिस्थितीत एक बेताचा शेतकरी जकात भरून कोल्हापूरची चप्पल मागवील, आणि तीसुद्धा स्वतःच्या वाकड्या पायाच्या मापाची? अशक्य नाही म्हणत मी. एखाद्याला हौस असते, एखादा नातेवाईक तिकडे असतो. पण पुरावा मागाल तर जोडीत तसा एकही नाही, आणि उलट बाजूचे आहेत.

गावात त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर माणूस होता. बलुतेदार होता. सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा आणि वर्षभर त्या घराचं चामड्याचं सगळं बघायचा. त्यात चप्पल हे लहान काम, मोठं काम मोटेचं. विहिरीची मोट फाटली तर पीक जळेल, म्हणून आधी मोट, मग आसूड-वाद्या, मग वहाणा. माझे आजोबा हेच करायचे. त्यांनी केलेल्या एकाही चपलेला नाव नव्हतं. "सदाशिवरावांची वहाण", "थोरल्या मालकांची वहाण" असं घालणाऱ्याच्या नावाने ओळखायचे. करणाऱ्याच्या नावाने कधीच नाही.

म्हणून मला राग आला होता, मंडळी. कोल्हापूरवर नाही. कोल्हापूरचं काम उत्तमच. त्यांच्या वेणीला, गोंड्याला, कातड्याच्या त्या पातळ-बारीक कामाला तोड नाही, आणि ते नाव तिथल्या आणि अथणीच्या कारागिरांनी कमावलंय. पण उदगीरकडच्या कुठल्याशा चांभाराने एका अधू पायासाठी इतक्या विचाराने केलेली वहाण तुम्ही उचलून कोल्हापूरच्या नावावर चढवता, तेव्हा त्या माणसाचं उरलंसुरलं अस्तित्वसुद्धा पुसता. त्याचं नाव आधीच गेलेलं. आता गावही गेलं.

यावर एक काका मला फोनवर म्हणाले, "अगं, आता कोल्हापुरी हे आडनावासारखं झालंय. अंगठ्याची चप्पल म्हणजे कोल्हापुरी. कशाला एवढी परेशान होतेस?" काका, तुमच्या वयाचा मान ठेवून उत्तर देते. २२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये पुरुष मॉडेलांनी अशाच चपला घातल्या आणि कंपनीने त्यांना नुसतं "चामडी सँडल" म्हटलं. तेव्हा या ग्रुपवर सगळ्यांत मोठा आवाज तुमचा होता. "आमच्या कोल्हापुरीचं नाव चोरलं!" बरोबर होतात तुम्ही. कंपनीला महाराष्ट्राच्या व्यापारी चेंबरला पत्र लिहून कबूल करावं लागलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेचीच. पण अंगठ्याची प्रत्येक चप्पल कोल्हापुरी असेल, तर कोल्हापुरी म्हणजे काहीच नाही. मग त्या कंपनीनेही म्हणावं, "हा तर सगळीकडचाच आकार, आम्ही चामडी सँडल म्हटलं तर बिघडलं काय?" तुमचं आडनावाचं म्हणणं त्यांच्याच वकिलाच्या कामाचं आहे. त्यांनी नाव काढून घेतलं, आपण भलत्याला चिकटवलं. दोन्हीकडे करणारा बाहेरच.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळालं, म्हणजे भौगोलिक मानांकन. ते आठ जिल्ह्यांचं आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. तेव्हा अथणीवाल्या ताई, तुमची चप्पलसुद्धा कायद्याने कोल्हापुरीच, आणि कोल्हापूरवाले दादा, अथणीच्या कारागिराने केलेली चप्पल तुम्ही "नकली" म्हणू शकत नाही. तुम्ही दोघं ज्यासाठी भांडत होता ते भांडण संपून वर्षं झाली. पण त्या आठांत लातूर नाही, नांदेड नाही, बीदर नाही, हैदराबाद नाही. आणि हे मानांकन नावाला संरक्षण देतं, आकाराला नाही. उद्या आपल्या कोठीच्या बाजारात कोणी हुबेहूब तशी चप्पल केली तर ती करायला बंदी नाही, तिला कोल्हापुरी म्हणून विकायला आहे. मग नव्वद वर्षांपूर्वीच्या उदगीरकडच्या जोडीला ते नाव आपण कुठल्या हक्काने देतो?

फोटोवरून काहीच सांगू नये असं माझं म्हणणं नाही. बारीक चामड्याची वेणी, पुढे गोंडा, वेगळे कान, पातळ घोटीव तळ असं सगळं एकत्र स्पष्ट दिसलं तर "कोल्हापुरी धाटणीची" म्हणा. "धाटणीची" हा एक शब्द जोडला की आपण आकाराबद्दल बोललो, गावाबद्दल नाही. आणि फोटो टाकणाऱ्या मुलामुलींनो, वरून एक फोटो टाकून विचारू नका. चप्पल उलटी करून तळाचा काढा. बाजूने काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे जाडी कळेल. पट्टा तळात शिरतो तिथला अगदी जवळून काढा, आणि जिथे फाटलंय तिथला तर नक्कीच काढा. लाजू नका, फाटकी कडच सगळ्यांत जास्त बोलते. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. आणि त्याबरोबर लिहा की हे कोणाचं, कुटुंब मूळ कुठलं, घरात त्याला काय म्हणायचे. आपल्या या जोडीला घरात "वहाण" म्हणत होते हे मुलाने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. चाळीस जणांपैकी कोणीही तो शब्द उचलला नाही.

तर मी मंडळाला पाटीचा मजकूर लिहून दिलाय. तो असा:

"वहाण. अंगठ्याची, आडव्या पट्ट्याची. झाडपाल्यावर कमावलेलं कातडं, तळ म्हशीच्या कातड्याचा, वादीची शिवण. दोन्ही पायांच्या वेगवेगळ्या मापांवर केलेली. कुटुंब उदगीर भागातलं (तेव्हा जिल्हा बीदर, हैदराबाद संस्थान). कुठे केली याची नोंद नाही. गावातच केली असण्याचा संभव जास्त. पट्ट्याची ठिगळं आणि डाव्या टाचेचा टायर नंतरचा. करणाऱ्याचं नाव ठाऊक नाही."

सालाची जागा मी रिकामी ठेवली आहे. घरचे म्हणतात पणजोबा हैदराबादला येण्यापूर्वीची. ते कधी आले हे एखाद्या शाळेच्या दाखल्यावरून किंवा घरभाड्याच्या पावतीवरून निघेल, तेव्हा भरू.

मंडळाचं म्हणणं आहे की पाटी फार लांब झाली, लोक वाचणार नाहीत, आणि "कोल्हापुरी" शब्द नसेल तर गर्दी थांबणार नाही. एकाने सुचवलं की "करणाऱ्याचं नाव ठाऊक नाही" ही ओळ तरी काढा, उगाच उणं वाटतं. ती ओळ मी काढणार नाही. बाकी शब्द कमी करायचे असतील तर टायर काढा, म्हैस काढा, बीदर काढा.

वहिनींनी जोडी अजून दिलेली नाही. पाटी ठरली की देईन म्हणाल्या. आणि त्या मेदकच्या सुनेने मला वेगळा मेसेज केला, तिच्या आजोळी अजून एक जोडी आहे, आवाज करणारी. तिला सांगितलंय, फोटो नको, व्हिडिओ काढ, आणि घालून चार पावलं चालून दाखव.